पाच वर्षं, २४० दिवस आणि २६चा भागाकार: ग्रॅच्युइटीच्या आकड्यांची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही आणि एसटीत बसून वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेले अडखळे काढलेत, बाकी बोलणं होतं तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका मेसेजमधून आला. तळेऱ्याचा एक मुलगा आहे, हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलात कामाला. त्याने विचारलंय, "ताई, मला इथे चार वर्षं दहा महिने झाले. कोल्हापूरला दुसरी नोकरी मिळतेय. मालक म्हणतो, पाच वर्षं झाली नाहीत, ग्रॅच्युइटी विसर. खरं का?"

मी त्याच भागातली, त्यामुळे तो कुठे उभा राहून हे टाइप करत असेल ते मला दिसतं. ज्यांनी तळेरे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मुंबई-गोवा हायवेवर, खारेपाटण सोडून कणकवलीकडे निघालात की लागणारा हा तिठा. इथून एक रस्ता विजयदुर्गाकडे समुद्राला जातो आणि दुसरा वैभववाडीवरून गगनबावडा चढून कोल्हापूरला. म्हणजे नोकरीसाठी घर सोडणारा माणूस या तिठ्यावर उभा राहतोच. आमच्या आजोबांच्या पिढीने इथे उभं राहून मुंबईची गाडी पकडली, आताची पोरं कोल्हापूर-पुण्याची पकडतात.

त्या मुलाला एका ओळीत उत्तर देता आलं असतं. पण त्याच्या प्रश्नात जे आकडे आहेत, पाच वर्षं, त्यामागे लपलेले २४० दिवस, आणि हिशोबातला २६, ते आकाशातून पडलेले नाहीत. ते कुणीतरी कोर्टात भांडून मिळवलेत किंवा गमावलेत. आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं भांडण सोलापूरच्या एका गिरणीतलं आहे. ते कळलं की नियम पाठ करावा लागत नाही.

आधी शब्दापासून सुरुवात करू. ग्रॅच्युइटी या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ बक्षिशी, खुशीने दिलेली रक्कम. आणि बराच काळ ती तशीच होती. म्हातारा कारकून निवृत्त झाला, शेटजी खूश असले तर हातावर काही ठेवायचे, नसले तर हार-नारळावर भागायचं. काही उद्योगांत कामगार संघटना औद्योगिक न्यायालयात जाऊन ग्रॅच्युइटीची योजना मंजूर करून घ्यायच्या, पण प्रत्येक ठिकाणची अट वेगळी. कुठे दहा वर्षं, कुठे पंधरा.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गारमेंट क्लीनिंग वर्क्स या कंपनीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मालकाचं म्हणणं असं की गैरवर्तनासाठी काढलेल्या माणसाला ग्रॅच्युइटी कशाला द्यायची? न्यायालयाने सांगितलं की ही रक्कम मालकाची कृपा नाही, कामगाराने केलेल्या सेवेपोटी ती मिळते. एकदा कमावलेली गोष्ट नंतरच्या चुकीसाठी सरसकट काढून घेता येत नाही. फार तर त्या गैरवर्तनाने मालकाचं जे नुकसान झालं असेल तेवढं वळतं करा. म्हणजे शब्द बक्षिशीचाच राहिला, पण आतला अर्थ बदलला.

मग राज्यं पुढे आली. केरळने १९७० साली कायदा केला, पश्चिम बंगालने १९७१ला. आता एकाच कंपनीची कचेरी कोलकात्यात आणि मुंबईत असेल तर इथे एक नियम आणि तिथे दुसरा, असा घोळ व्हायला लागला. म्हणून केंद्राने सगळ्या देशासाठी १९७२चा ग्रॅच्युइटी कायदा आणला. तो १६ सप्टेंबर १९७२पासून लागू झाला. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेली दुकानं, कारखाने, हॉटेलं त्यात आली. अट ठेवली सलग पाच वर्षं नोकरीची. मालकांना वाटत होतं, जास्त वर्षं हवीत, कारण माणूस टिकला पाहिजे. कामगारांना वाटत होतं, कमी हवीत. पाच ही त्यातली तडजोड. मृत्यू झाला किंवा अपघाताने, आजाराने माणूस कामाला असमर्थ झाला, तर मात्र पाच वर्षांची अट नाही. हे त्या पहिल्या दिवसापासून आहे आणि बऱ्याच घरांना ते माहीत नसतं.

आता खरा गुंता 'सलग' या शब्दात आहे.

गिरणीतलं काम कसं चालायचं ते थोडं सांगते. कायम कामगार असायचे आणि बदली कामगार असायचे. बदलीवाल्याने रोज पाळी सुरू व्हायच्या वेळी गेटवर जाऊन उभं राहायचं. आतला कायम माणूस आला नाही तर त्याच्या जागी याला घ्यायचे, सगळे आले तर हा परत खोलीवर. महिन्यात कधी वीस दिवस काम, कधी आठ दिवस. असं वर्षानुवर्षं करत करत मग कायम व्हायचं. आणि आपला कोकणातला माणूस कायम झाला तरी त्याचं अर्धं चित्त गावात. शेतीला जायचं, शिमग्याला जायचं, गणपतीला तर जायचंच. रजा संपायची, पण पाऊस लांबायचा, घरात कोणी आजारी असायचं, आणि माणूस पंधरा दिवसांच्या रजेवर आलेला दोन महिन्यांनी परतायचा. गिरणीच्या भाषेत ही 'बिनरजा गैरहजेरी'.

१९७२च्या कायद्यात सलग सेवेची जी व्याख्या लिहिली होती, तीत आजारपण, अपघात, रजा, ले-ऑफ, संप, टाळेबंदी यांनी पडलेला खंड माफ होता. पण त्या यादीत 'बिनरजा गैरहजेरी' हा शब्दच नव्हता. पुढे एक स्पष्टीकरण होतं: ज्याची सेवा वर्षभर अखंड नाही, त्याने आधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस प्रत्यक्ष काम केलं असेल तर ते वर्ष सलग धरावं. खाणीत जमिनीखाली काम करणाऱ्यासाठी १९० दिवस.

सोलापूरच्या लक्ष्मी विष्णू टेक्स्टाइल मिल्समधल्या कामगारांचा वाद याच जागी अडला. लालप्पा लिंगप्पा विरुद्ध लक्ष्मी विष्णू टेक्स्टाइल मिल्स, हे प्रकरणाचं नाव. कामगारांचं म्हणणं सरळ होतं. नाव हजेरीपटावर आहे, नोकरी तुटलेली नाही, मग जितकी वर्षं नोकरी तितक्या वर्षांची ग्रॅच्युइटी द्या. कायम माणूस वर्षात २०० दिवस आला असेल, पण तो कायमच होता ना? गिरणीचं म्हणणं, ज्या वर्षी २४० दिवस भरले नाहीत ते वर्ष मोजायचंच नाही.

११ फेब्रुवारी १९८१ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि तो कामगारांच्या विरोधात गेला. कायम कामगार असला तरी ज्या वर्षी तो रजेशिवाय गैरहजर राहिला आणि प्रत्यक्ष २४० दिवस काम केलं नाही, त्या वर्षाची ग्रॅच्युइटी नाही. बदली कामगाराला तर ज्या वर्षी २४० दिवस भरले तेवढ्याच वर्षांची मिळेल. त्याला काम मिळालं नाही म्हणून तो गेटवरून परत गेला असेल, तरी ते दिवस मोजायचे नाहीत.

हे कागदावर कोरडं वाटतं, म्हणून आमच्या घरातला कागद सांगते. माझे आजोबा मुंबईतल्या एका गिरणीत होते. गिरणीचं नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. १९७९ साली नोकरी सोडून गावी आले. त्यांच्या ट्रंकेत हिशोबाचा एक कागद होता, आजीने जपून ठेवलेला. मी कॉलेजात असताना त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बाय माजे, ह्यो कागद वाच मरे. बावीस वर्सा काम केलंय, आनी ह्येंनी अठराच लिवलीत."

कागदावर वर्षवार हजेरी होती. नोकरी एकूण बावीस वर्षं. पहिली सहा बदली, त्यातल्या चार वर्षांत २४०च्या वर हजेरी, दोन वर्षांत कमी. ती दोन गेली. पुढची सोळा वर्षं कायम. त्यातही दोन वर्षांपुढे फुली. एका वर्षी पावसात गावचं घर पडलं होतं, ते उभं करायला ते राहिले. दुसऱ्या वर्षी आजीच्या आजारपणात राहिले. दोन्ही वेळा रजा संपल्यावर परवानगी नव्हती. म्हणून बावीसची अठरा.

शेवटचा पगार, म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून, महिना ५२० रुपये. गिरणीने त्याचे तीसने भाग करून पंधराने गुणले: २६० रुपये. अठरा वर्षांचे ४,६८० रुपये. आजोबांनी अंगठ्याशेजारी सही केली आणि पैसे घेतले.

या हिशोबात दोन ठिकाणी कात्री लागली आहे. एक वर्षांना, दुसरी भागाकाराला. दोन्ही पुढे दुरुस्त झाल्या, फक्त आजोबांना उशिरा.

वर्षांची कात्री आधी. सोलापूरच्या निकालानंतर गिरण्यांच्या गावात मोठा प्रश्न उभा राहिला, कारण ज्याच्या हजेरीपटात खाडे नाहीत असा गिरणी कामगार शोधावा लागला असता. शेवटी संसदेने १९८४ साली कायदा बदलला. सलग सेवेची व्याख्या नव्याने लिहिली, कलम २अ म्हणून. यादीत 'बिनरजा गैरहजेरी' हे शब्द घातले. अट एवढीच की त्या गैरहजेरीबद्दल मालकाने नियमाप्रमाणे 'सेवेत खंड' असा रीतसर आदेश काढलेला नसावा. म्हणजे खाडा झाला म्हणून आपोआप वर्ष जाणार नाही. मालकाला ते तोडायचं असेल तर त्याने त्याच वेळी स्थायी आदेशांच्या पद्धतीने आदेश काढायला हवा, निवृत्तीच्या दिवशी जुना हजेरीपट उघडून नाही.

आणि यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: हा बदल १९८४चा, पण तो लागू कधीपासून केला? ११ फेब्रुवारी १९८१पासून. सोलापूरचा निकाल ज्या दिवशी लागला, बरोबर त्याच तारखेपासून. संसदेने कुणाचं नाव घेतलं नाही, पण तारीखच सांगते की हे कोणत्या निकालाला दिलेलं उत्तर आहे. बदली कामगारांसाठी २४० दिवसांची अट मात्र राहिलीच. त्यांची गेटवरची सकाळ अजूनही कुणी मोजत नाही.

आजोबा १९७९ला सुटले होते. ती दुरुस्ती त्यांच्यापर्यंत पोचली नाही.

आता तळेऱ्याच्या मुलाकडे येऊ, कारण त्याचं उत्तर याच कलमात आहे. कायदा म्हणतो, एखाद्या वर्षात तुमची नोकरी पूर्ण वर्षभर झालेली नसली, तरी त्या बारा महिन्यांत २४० दिवस काम झालं असेल तर ते वर्ष पूर्ण धरायचं. आठवड्यात सहा दिवसांपेक्षा कमी काम असलेल्या ठिकाणी १९० दिवस. १९९८ साली मद्रास उच्च न्यायालयासमोर मेट्टूर बिअर्डसेल या कंपनीचं प्रकरण आलं. कर्मचाऱ्याची नोकरी होती चार वर्षं, दहा महिने आणि काही दिवस. न्यायालयाने म्हटलं, पाचव्या वर्षात २४० दिवस भरलेत, म्हणजे पाच वर्षं झाली, ग्रॅच्युइटी द्या.

त्या मुलाला चार वर्षं दहा महिने झालेत. आठवड्याला एक सुट्टी धरली तर दहा महिन्यांत साधारण २६० दिवस होतात. म्हणजे २४०च्या वर. पगारी रजेचे दिवस यात धरले जातात, बाईमाणूस असेल तर प्रसूती रजेचेही. तेव्हा मालक म्हणतो तेवढं हे सरळ नाही, त्याचा दावा उभा राहतो.

पण हां, थांबा. मेट्टूरचा निकाल मद्रासचा आहे, सर्वोच्च न्यायालयाचा नाही. आपल्याकडचा मालक त्यावर भांडू शकतो आणि भांडतात. म्हणून मी त्याला काय सांगितलं? कोल्हापूरवाले दोन महिने थांबत असतील तर पाच वर्षं आणि वर एक दिवस भरून मग राजीनामा दे. थांबत नसतील तर हजेरीचा पुरावा हातात घेऊन नीघ, आणि दावा कर. एक गैरसमज मात्र काढून टाका. 'सहा महिन्यांच्या वर गेलं की वर्ष धरतात, म्हणजे साडेचारची पाच होतात' असं कट्ट्यावर सांगतात. ते चूक आहे. ती गोळाबेरीज रक्कम काढताना होते, पात्रता ठरवताना नाही. आधी पाचचा उंबरठा ओलांडायचा, मग आत गेल्यावर सात वर्षं सात महिन्यांची आठ वर्षं होतात आणि सात वर्षं पाच महिन्यांची सातच राहतात.

आता दुसरी कात्री, भागाकाराची.

कायदा म्हणतो, प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, आणि तोही शेवटच्या पगाराच्या दराने. महिन्याच्या पगारातून पंधरा दिवसांचा पगार काढायचा कसा? सगळे मालक म्हणायचे, अर्धा करा. महिना तीस दिवसांचा, पंधरा म्हणजे निम्मा. यात वावगं काय?

जामनगरच्या दिग्विजय वूलन मिल्समधल्या कामगाराने विचारलं की महिन्यात मी काम किती दिवस करतो? चार रविवार गेले की सव्वीस. म्हणजे तुम्ही मला जो महिन्याचा पगार देता तो सव्वीस दिवसांच्या कामाचा आहे. एका दिवसाची किंमत काढायची तर सव्वीसनेच भागा. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलं. तरी वाद चालूच राहिले, १९८४ला जीवनलाल कंपनीच्या प्रकरणात तेच पुन्हा सांगावं लागलं. शेवटी १९८७च्या दुरुस्तीत संसदेने ते कायद्यातच लिहून टाकलं: महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५. म्हणून आज तुम्ही मोबाइलवर कुठलाही ग्रॅच्युइटी कॅल्क्युलेटर उघडा, त्याच्या पोटात हेच असतं:

```
शेवटचा पगार × १५ ÷ २६ × नोकरीची वर्षे
```

आजोबांचा कागद याने पुन्हा मांडून बघू. ५२० भागिले २६ म्हणजे दिवसाला २० रुपये. पंधरा दिवसांचे ३००. कायम नोकरीतली दोन वर्षं परत मिळाली असती तर अठराची वीस झाली असती. बदलीतली दोन मात्र गेलीच असती. वीस गुणिले तीनशे, ६,००० रुपये. हातात आले होते ४,६८०. फरक १,३२० रुपयांचा, म्हणजे तेव्हाचा त्यांचा अडीच महिन्यांचा पगार. सव्वीसचा निकाल आला तेव्हा आजोबा गावी नांगर धरत होते. पैसे घेऊन विषय मिटला, असं त्यांना वाटलं. त्यांना ते कळवणार तरी कोण होतं?

आता त्या मुलाचा हिशोब करू. समजा त्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये आहे. भागिले २६, दिवसाला ५००. पंधरा दिवसांचे ७,५००. पाच वर्षांचे ३७,५००. मालकाने तीसने भागलं तर ३२,५०० होतात. पाच हजारांचा फरक, आणि हिशोबाच्या कागदावर तो पटकन दिसत नाही. तपासायची सोपी खूण सांगते: दर वर्षाची रक्कम तुमच्या पगाराच्या बरोबर निम्मी आली असेल तर तीसने भागलंय. सव्वीसने भागलं तर ती निम्म्याहून थोडी जास्त येते, शंभराला साडेसत्तावन्नच्या आसपास.

पण 'पगार' म्हणजे कुठला? हातात येतो तो नाही. जुन्या कायद्यात फक्त मूळ पगार आणि महागाई भत्ता. घरभाडं, बोनस, ओव्हरटाइम, कमिशन काही नाही. मग कंपन्यांनी काय केलं? मूळ पगार लहान ठेवला आणि भत्ते फुगवले. २० हजारांच्या पगारात मूळ ६,५०० आणि 'विशेष भत्ता' वगैरे मिळून १३,५००. अशा स्लिपवर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी होते १८,७५०.

इथे आता कायदा बदललाय, आणि हा बदल ताजा आहे. २१ नोव्हेंबर २०२५पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९७२चा कायदा तिच्यात विरघळला. पंधरा, सव्वीस, पाच, २४० हे सगळं तसंच राहिलं. बदललं ते पगाराचं माप. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग पगारातच धरायचा. वरच्या उदाहरणात निम्मे म्हणजे १०,०००. भत्ते १३,५००, म्हणजे ३,५०० जास्त. ते ६,५००मध्ये मिळवा, पगार झाला १०,०००. पाच वर्षांची ग्रॅच्युइटी होते २८,८४६ रुपये. दहा हजारांनी वाढली, स्लिप तीच.

दुसरा बदल ठरावीक मुदतीच्या नेमणुकीचा. मालकाने थेट तुम्हाला लेखी पत्र दिलंय, त्यात सुरुवातीची आणि शेवटची तारीख आहे, अशी नोकरी असेल तर पाच वर्षांची वाट बघायची नाही. एक वर्ष भरलं की त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. पण ठेकेदाराकडून आलेला माणूस म्हणजे मुदतीच्या नेमणुकीचा माणूस नव्हे, या दोन गोष्टी एक समजू नका. ठेकेदाराच्या माणसाचा मालक कोण, हा वेगळाच वाद असतो.

तुमच्यापैकी पुण्या-मुंबईत नोकरीला लागलेल्यांनी ऑफर लेटर काढून बघा. सीटीसीच्या तक्त्यात ग्रॅच्युइटी म्हणून मूळ पगाराच्या ४.८१ टक्के दाखवलेलं असतं. हा आकडा कुठून आला? पंधरा भागिले सव्वीस, आणि त्याचे बारा महिन्यांत भाग. तेच जुनं गणित. फक्त गंमत अशी की तो तुमच्या वार्षिक पॅकेजमध्ये मोजतात आणि तुम्ही तीन वर्षांनी सोडलंत तर त्यातला रुपया हातात येत नाही. पॅकेजची तुलना करताना तो आकडा वजा करून बघा.

कमाल मर्यादेबद्दल एका दमात सांगते. १९७२ला ती वीस महिन्यांच्या पगाराइतकी होती, १९८७ला ५० हजार रुपये झाली, १९९७ला साडेतीन लाख, २०१०ला दहा लाख आणि २०१८पासून वीस लाख. आपल्या भागातल्या बहुतेकांचा या भिंतीशी संबंध येत नाही.

आता काजू कारखान्यातल्या मावश्यांसाठी थोडं, कारण आपल्याकडे हे काम आहे आणि 'आमाक पगार खंय, आमी तर किलोवर करतो' असं त्यांनाच वाटतं. नगावर किंवा किलोवर पैसे मिळत असतील तरी ग्रॅच्युइटी आहे. सोडण्याआधीच्या तीन महिन्यांत जे मिळालं त्याची रोजची सरासरी काढायची, ओव्हरटाइम सोडून, आणि तिला पंधराने गुणायचं. इथे सव्वीसचा प्रश्नच येत नाही, कारण रोजचा आकडा थेट मिळतो. कारखाना फक्त हंगामात चालत असेल आणि बाई वर्षभर कामावर नसेल, तर प्रत्येक हंगामामागे सात दिवसांची मजुरी. पंधरा नाही, सात. पण 'हंगामी' हा शब्द मालकाने सोयीने वापरलाय का तेही बघायला हवं. वर्षातले दहा-अकरा महिने सोलणी चालू असेल तर तो हंगाम कसला?

शेवटी मालक कुठे अडवतात तेवढं सांगते. पहिलं वाक्य असतं, 'आमच्याकडे दहा माणसं नाहीत.' कायदा आजची मोजणी विचारत नाही. मागच्या बारा महिन्यांत कुठल्याही एका दिवशी दहा माणसं कामाला असतील तर पुरे. मे महिन्यातल्या किंवा गणपतीच्या गर्दीत हॉटेलात बारा पोरं असतात, तो दिवसही धरतात. आणि एकदा कायदा लागू झाला की नंतर माणसं कमी झाली म्हणून तो सुटत नाही.

दुसरं म्हणजे 'ब्रेक'. अकरा महिने झाले की दोन दिवस घरी बसवायचं आणि पुन्हा नवीन नेमणूक दाखवायची. कामगाराची चूक नसताना काम थांबलं तर तो खंड मोजत नाहीत, हे कायद्यात पहिल्यापासून आहे. पण सिद्ध करायला कागद लागतो, आणि भांडणं हरतात ती इथे. हजेरीपट मालकाच्या कपाटात असतो. म्हणून पीएफचं पासबुक, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, ड्युटीचा तक्ता ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो त्याचे स्क्रीनशॉट, हे नोकरीत असतानाच बाजूला काढून ठेवा. सोडल्यावर ग्रुपमधून काढतात.

नोकरी सुटली की तीस दिवसांत मालकाकडे लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. उशीर झाला तरी फक्त तेवढ्यावरून दावा बाद होत नाही, आणि अर्ज आला नाही तरी रक्कम ठरवून देणं ही मालकाचीच जबाबदारी आहे. देय झाल्यापासून तीस दिवसांत त्याने पैसे द्यायचे. नाही दिले तर वर व्याज लागतं. जुन्या कायद्याखाली ते वर्षाला दहा टक्के सरळ व्याज होतं. तरीही हालचाल नसेल तर कायद्याखालच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, त्याची चौकशी जिल्ह्याच्या कामगार खात्याच्या कार्यालयात करता येते. 'काही येणं बाकी नाही' असा छापील कागद सहीसाठी पुढे आला तर आधी त्यावर ग्रॅच्युइटीची रक्कम आणि वर्षं लिहिली आहेत का ते बघा, आणि सव्वीसने भागून घ्या.

त्या मुलाचा काल पुन्हा मेसेज आला. कोल्हापूरवाले सहा आठवडे थांबायला तयार आहेत, दोन महिने नाही. म्हणजे त्याला साधारण दोन आठवडे कमी पडतात. मी त्याला विचारलंय की तुझी साचलेली पगारी रजा किती आहे, कारण ती घेऊन तारीख पुढे सरकवता येते का ते बघावं लागेल. रजा घेतली तर तेवढे दिवस नोकरी चालूच असते. त्याने अजून आकडा कळवला नाही. मालकाकडे रजेचं रजिस्टर आहे की नाही, तेच तो शोधतोय.